शनिवारचा उजळणीचा तास: आठवीच्या गणितासाठी आठवून, अंतराने आणि मिसळून करायचा सराव

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत शनिवारची शाळा सकाळची असते आणि त्या दिवशी गणिताचा एक तास उजळणीसाठी राखून ठेवलेला असतो. अनेक वर्षे मी त्या तासाला आठवड्यात झालेला भाग फळ्यावर पुन्हा समजावून सांगत असे, त्याच प्रकारची दोन उदाहरणे सोडवून दाखवत असे आणि मुले माना डोलावत असत. सगळ्यांना सगळे येते असे मला वाटे आणि मुलांनाही तसेच वाटे. महिन्याभराने घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले की त्याच उदाहरणांची पाने कोरी निघत. चूक मुलांच्या मेहनतीत नव्हती, उजळणीच्या रीतीत होती. ती बदलायची असल्यास नेमके काय करावे, किती वेळ द्यावा आणि कोठे चुकते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी येथे लिहीत आहे. उदाहरण आठवीच्या गणिताचे घेतले आहे, कारण ही रीत मी त्याच वर्गात राबवली आहे.

आधी थोडे कारण

उजळणी करताना मुलाने पुस्तकात किंवा फळ्यावर पाहिलेली गोष्ट त्याला ओळखीची वाटते. परीक्षेत मात्र तीच गोष्ट पुढ्यात काही नसताना डोक्यातून काढावी लागते. ओळखणे आणि आठवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि सराव ज्या कामाचा होतो तेच काम जमू लागते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून पुढचे तीन वेळा कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने विचारले तेव्हा चारदा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. शनिवारी मला मुलांना सगळे येते असे का वाटत होते, याचे उत्तर त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे. शिकवल्या शिकवल्या विचारले तर जवळपास सगळ्यांनाच येते आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा काहीच अंदाज लागत नाही.

पहिली पायरी: टाचण वहीच्या मागच्या पानावर उजळणीची यादी

सुरुवात यादीपासून करावी. प्रकरणाचे नाव यादीत लिहून उपयोग होत नाही, कारण ‘चलन’ या नावाचा प्रश्न विचारता येत नाही. एका मिनिटात विचारता येईल आणि दोन मिनिटांत उत्तर लिहिता येईल एवढा लहान मुद्दा असावा. ‘व्यस्त चलनात दोन राशींचा गुणाकार स्थिर असतो’ हा एक मुद्दा झाला, ‘सूट ही नेहमी छापील किमतीवर मोजतात’ हा दुसरा आणि ‘(a + b) चा घन विस्तारून लिहिणे’ हा तिसरा. एका आठवड्यात असे चार ते सहा मुद्दे पुरतात. मी पहिल्या वर्षी पंधरा-पंधरा मुद्दे लिहिले होते आणि तिसऱ्या आठवड्यात यादी माझ्याच हाताबाहेर गेली.

प्रत्येक मुद्द्यापुढे शिकवल्याची तारीख आणि तो पुन्हा विचारण्याच्या तीन तारखा लिहाव्यात: दुसऱ्या दिवसाची, त्यानंतर एका आठवड्याची आणि त्यानंतर चार आठवड्यांची. समजा, व्यस्त चलनाचा मुद्दा सोमवारी ४ ऑगस्टला शिकवला, तर तो ५ ऑगस्टला, मग १२ ऑगस्टला आणि मग ९ सप्टेंबरला परत येतो. मधे गणपतीची सुट्टी आल्यामुळे एखादी तारीख हुकली तर ती शाळा उघडल्यावर घ्यावी. दोन-चार दिवसांच्या उशिराने फारसे बिघडत नाही, मात्र सुट्टी येणार म्हणून तारीख अलीकडे ओढू नये. मुद्दा थोडा विसरायला आला असतानाच आठवायला लावण्यात या रीतीचा सारा फायदा आहे.

हे अंतर किती ठेवावे याला संशोधनाचा आधार आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हजाराहून अधिक लोकांवर घेतलेल्या प्रयोगात असे दिसले की योग्य अंतर हे आपल्याला ती गोष्ट किती दिवसांनी लागणार आहे यावर ठरते. काही आठवड्यांनी लागणार असेल तर त्या मुदतीच्या साधारण दहा ते वीस टक्के अंतर चांगले. जितके दूरचे लक्ष्य, तितके मोठे अंतर. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांवरच्या सत्र परीक्षेसाठी आठवडा ते पंधरवडा पुरतो आणि वार्षिक परीक्षेसाठी त्याहून मोठे अंतर लागते. एक दिवस, एक आठवडा, चार आठवडे ही मांडणी मी याच हिशेबाने केली आहे. ती दगडावरची रेघ नाही, पण वहीत सांभाळायला सोपी आहे.

दुसरी पायरी: रोजच्या तासाची पहिली आठ मिनिटे

सोमवार ते शुक्रवार तास सुरू होताच मुलांनी पुस्तक आणि वही दप्तरात ठेवावी आणि फक्त कच्ची वही बाकावर ठेवावी. फळ्यावर चार प्रश्न लिहिलेले असावेत. पहिला कालच्या तासातला, दुसरा आठवड्यापूर्वीचा, तिसरा महिन्याभरापूर्वीचा आणि चौथा आज जे शिकवायचे आहे त्याला लागणाऱ्या जुन्या पायाचा, मग तो सातवीचा का असेना. सूट व कमिशन सुरू करायच्या दिवशी माझा चौथा प्रश्न असतो: ‘४०,००० चे शेकडा ५ किती?’ या एका प्रश्नावरून पुढच्या अर्ध्या तासात कोण मागे राहील ते आधीच कळते.

मुलांना लिहायला पाच मिनिटे द्यावीत. या पाच मिनिटांत शिक्षकाने काही सुचवू नये आणि हेच सर्वांत अवघड जाते. एखादे मूल डोळे मिटून, पेनाचे टोपण चावत आठवत बसलेले दिसले की आपल्याला मदतीचा उमाळा येतो, पण त्या वेळी चाललेली त्याची धडपड हाच सराव असतो. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्याने निदान जे आठवते ते एक वाक्य किंवा एक आकृती लिहावी, एवढा नियम ठेवावा.

त्यानंतरच्या तीन मिनिटांत उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि मुलांनी वेगळ्या शाईने आपापले उत्तर दुरुस्त करावे. दुरुस्ती त्याच तासाला झाली पाहिजे. दुरुस्तीवाचून सोडलेले चुकीचे उत्तर तसेच पक्के होण्याचा धोका असतो. मग ‘तिसरा प्रश्न कोणाचा चुकला?’ असे विचारून हात वर करायला सांगावे आणि आकडा टाचण वहीत त्या तारखेपुढे मांडावा. गुण मात्र कोठेही मांडू नयेत. एकदा माझ्या आधीच्या एका शाळेत या पाच मिनिटांचे गुण प्रगतिपुस्तकात धरण्याचा निर्णय झाला आणि पंधरा दिवसांत मुले शेजारच्याच्या वहीत डोकावू लागली. नक्कल करून लिहिलेल्या उत्तरात आठवणे नसतेच, त्यामुळे ती आठ मिनिटे वाया गेली आणि हात वर करण्याचे आकडेही खोटे निघू लागले.

आकडा पाहून काय करायचे याचा माझा नियम असा आहे की वर्गातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांचे चुकले तर तो मुद्दा पुन्हा थोडक्यात शिकवायचा आणि त्याच्या तारखा परत दुसऱ्या दिवसापासून लावायच्या. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात सोळा हात वर आले की मी हे करतो. त्याहून कमी असतील तर त्या मुलांना मधल्या सुट्टीत पाच मिनिटे बोलावणे पुरते. हा तिसरा हिस्सा माझ्या अनुभवातून आलेला आहे, आपापल्या वर्गाप्रमाणे तो बदलावा.

तिसरी पायरी: शनिवारचा मिश्र सराव

रोजच्या आठ मिनिटांनी आठवणे आणि अंतर या दोन गोष्टी साधतात. शनिवारच्या तासाचे काम वेगळे आहे. त्या दिवशी निरनिराळ्या प्रकरणांची उदाहरणे एकमेकांत मिसळून द्यायची असतात, आणि याची गरज का आहे हे मला एका मुलाच्या वहीने शिकवले.

शाब्दिक उदाहरण असे होते: ‘६ मजूर एका उसाच्या फडाची तोडणी १० दिवसांत करतात, तर १५ मजूर तीच तोडणी किती दिवसांत करतील?’ त्या मुलाने १० ला १५ ने गुणून ६ ने भागले होते आणि उत्तर लिहिले होते २५ दिवस. त्याच्या घरी टोळ्या उतरतात, तोडणी त्याने लहानपणापासून पाहिलेली. मी वही त्याच्यापुढे ठेवून विचारले, “बाळा, फडात पंधरा कोयते लागले तर फड लवकर निघतो का उशिरा?”

“लवकर निघतो की, सर.”

“मग पंचवीस दिवस कसे झाले?”

तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मागच्या आठवड्यात सगळी अशीच केली होती, सर.”

त्याचे खरे होते. मागच्या आठवड्यात समचलनाचा सरावसंच होता आणि त्यातली सर्व उदाहरणे एकाच रीतीने सुटत होती. व्यस्त चलनाच्या सरावसंचात तो पोचला असता तर तीही सर्व बरोबर आली असती, कारण तिथे रीत कोणती हे प्रकरणाच्या मथळ्यावरच लिहिलेले असते. गुणाकार-भागाकार त्याला येत होता. कोणती रीत लावायची हे ठरवण्याचा सराव मात्र आम्ही त्याला कधी दिलाच नव्हता.

त्यामुळे शनिवारची उदाहरणे अशी निवडावीत की ती दिसायला सारखी असतील आणि रीत वेगळी असेल. वरच्या उदाहरणाचा जोडीदार मी असा ठेवतो: ‘६ मजुरांची एका दिवसाची मजुरी २,४०० रुपये होते, तर १५ मजुरांची किती होईल?’ मजूर तेच, ६ आणि १५ हे आकडेही तेच. पण येथे समचलन आहे आणि उत्तर ६,००० रुपये येते, तर पहिल्यात व्यस्त चलन आहे आणि उत्तर ४ दिवस येते.

सूट आणि कमिशनसाठी माझ्याकडे तिघांचा एक संच आहे. पहिले, ४०,००० रुपये छापील किमतीच्या कडबाकुट्टी यंत्रावर शेकडा ५ सूट मिळाली, तर गिऱ्हाइकाने किती द्यावे? दुसरे, दलालामार्फत ४०,००० रुपयांना जुनी दुचाकी विकली आणि दलालाने विक्रीवर शेकडा ५ कमिशन घेतले, तर मालकाच्या हाती किती आले? तिसरे, शेकडा ५ सूट वजा जाऊन यंत्र ३८,००० रुपयांना पडले, तर छापील किंमत किती? पहिल्या दोहोंचे उत्तर ३८,००० येते. तिसऱ्यात बरीच मुले ३८,००० चे शेकडा ५ म्हणजे १,९०० काढतात, ते मिळवतात आणि ३९,९०० लिहितात. खरी छापील किंमत ४०,००० आहे, कारण ३८,००० हे छापील किमतीचे शेकडा ९५ आहेत. उत्तर ३९,९०० दिसले की सूट कशावर मोजतात हा मुद्दा त्या मुलाच्या हातून निसटला आहे हे नक्की समजावे आणि तो सोमवारच्या चार प्रश्नांत घ्यावा.

वर्षाच्या उत्तरार्धात चक्रवाढ व्याज आले की त्याच ४०,००० वर शेकडा ५ दराने दोन वर्षांचे सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज शेजारी शेजारी द्यावे. एकाचे ४,००० येतात आणि दुसऱ्याचे ४,१००. हा शंभराचा फरक कोठून आला हे मुलांना सांगायला लावावे: पहिल्या वर्षाच्या २,००० रुपये व्याजावर दुसऱ्या वर्षी जे व्याज मिळाले ते हे शंभर.

तासाची विभागणी पुढीलप्रमाणे करावी. पहिली दहा मिनिटे आठ उदाहरणे वाचून फक्त रीत ओळखायची, सोडवायचे काही नाही. प्रत्येक उदाहरणापुढे मुलाने रीतीचे नाव आणि ती का, हे पाच-सहा शब्दांत लिहावे. ‘मजूर वाढले, दिवस घटले, म्हणून व्यस्त’ एवढे पुरे. पुढची पाच मिनिटे बाकावरच्या दोघांनी आपापली कारणे ताडून पाहावीत, आणि जेथे दोघांचे मत जुळत नाही त्या उदाहरणावर फुली करावी. नंतरच्या पंधरा मिनिटांत आठातली चार उदाहरणे पुस्तक न उघडता सोडवावीत आणि उरलेल्या वेळात शिक्षकाने फुल्या जास्त आलेली दोन उदाहरणे फळ्यावर घ्यावीत. आठही उदाहरणे सोडवून घेण्याचा मोह टाळावा, कारण वेळ आकडेमोडीत जातो आणि ओळखण्याचे काम घाईत उरकले जाते.

मिश्र सराव कधी देऊ नये

नवी रीत शिकवली त्याच दिवशी ती मिसळू नये. ज्याला व्यस्त चलन म्हणजे काय हेच कळलेले नाही त्याने ते ओळखायचे कसे? आधी त्याच प्रकारची चार-पाच उदाहरणे सलग सोडवून घ्यावीत, रोजच्या प्रश्नांत ती एक-दोनदा येऊन जावीत आणि मगच शनिवारच्या संचात घ्यावीत. आठवण्याच्या सरावालाही हीच मर्यादा आहे. न समजलेली गोष्ट कितीही वेळा विचारली तरी मुलाच्या हाती कोरा कागदच राहतो.

दुसरे असे की एकमेकांशी घोटाळा होण्याजोग्या गोष्टीच मिसळाव्यात. गणिताच्या एका उदाहरणामागून इतिहासाचा एक प्रश्न घेतल्याने फरक ओळखण्याचा सराव होत नाही, कारण त्या दोहोंत कोणाचाच घोटाळा होत नाही. विज्ञानात मिश्रण व संयुग, किंवा व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोग अशा जोड्या शोधल्या तर तेथेही हीच रीत लागू पडते.

पहिल्या महिन्यात काय दिसेल

मुलांची उत्तरे पूर्वीपेक्षा जास्त चुकतील आणि याची तयारी मुख्याध्यापक आणि पालक दोघांशी आधी बोलून ठेवावी. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एका वेळी एकच प्रकार घेणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उदाहरणे बरोबर आली आणि मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटाचे २० टक्के बरोबर आले आणि दुसऱ्याचे ६३ टक्के. पुढे रोरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या ५४ वर्गांवर काही महिने हीच तुलना केली. दोन्ही बाजूंच्या मुलांनी उदाहरणे तीच सोडवली होती, फक्त क्रम वेगळा होता. महिन्याभरानंतर पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत मिसळून सोडवणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के मिळाले आणि सलग सोडवणाऱ्यांना ३८.

त्यामुळे शनिवारच्या वहीतले बरोबर-चूक पाहून रीत चालली का हे ठरवू नये. खरे माप म्हणजे टाचण वहीतला चार आठवड्यांनंतरचा रकाना. जूनमध्ये सुरुवात केली असेल तर जुलैच्या अखेरीस त्या रकान्यात पहिले आकडे येऊ लागतात. तेथे चुकलेल्या हातांची संख्या हळूहळू कमी होत गेली तर रीत लागू पडत आहे. आठवड्याच्या रकान्यात चुका थोड्या आणि चार आठवड्यांच्या रकान्यात पुन्हा खूप, असे दिसले तर मधे दोन आठवड्यांनंतरची एक तारीख वाढवावी. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यातच चुका फार असतील तर उजळणीत काही बदलू नये. तो मुद्दा शिकवण्यातच राहून गेला आहे आणि तो पुन्हा शिकवावा लागेल.

एका गोष्टीकडे मात्र आकड्यांवरून लक्ष जात नाही. हात वर करण्यात काही मुले लाजतात, विशेषतः नव्याने आलेली आणि ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर येऊन-जाऊन असणारी. त्यांच्या तारखा वर्गाच्या तारखांशी जुळतच नाहीत. मी अशा प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याच्या पंचवीस-तीस चिठ्ठ्या करून देतो, ज्यांच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असते, आणि काड्यापेटीच्या मोठ्या खोक्यात तीन कप्पे करून देतो. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दर बुधवारी आणि तिसरा महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढायचा. ही पेटी मूल अड्ड्यावर सोबत नेते, आणि परत आल्यावर पहिल्या कप्प्यात कोणत्या चिठ्ठ्या उरल्या आहेत ते पाहिले की त्याच्यासाठी सुरुवात कोठून करायची ते मला कळते.